एका एमआरचा रेझ्युमे : १२ कॉल, ९५ टक्के कव्हरेज आणि शेवटच्या ओळीत लपलेलं खरं काम

ही केस मी मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण असले रेझ्युमे महिन्याला पंधरा-वीस तरी माझ्यासमोर येतात आणि त्यातले निम्मे चांगली माणसं असून पहिल्याच चाळणीत बाद होतात. मी स्वतः आधी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, मग एरिया मॅनेजर झालो, आणि आता टीम भरताना रेझ्युमे वाचायचं काम बरंचसं माझ्याकडेच असतं. जागा होती कार्डिओ-डायबेटिक डिव्हिजनची. म्हणजे भेटायचं ते कन्सल्टिंग फिजिशियन, डायबेटॉलॉजिस्ट, कार्डिओलॉजिस्ट आणि ज्यांच्याकडे शुगरचे पेशंट भरपूर आहेत असे थोडे जीपी. लिस्ट १२० डॉक्टरांची. टेरिटरी तीच, जिथे हा मुलगा आधीपासून दुसऱ्या कंपनीत जनरल डिव्हिजनला चार वर्षं काम करत होता.

रेझ्युमे एका पानाचा होता, ते चांगलंच आहे. कामाच्या ओळी साधारण अशा होत्या: "१८५ डॉक्टरांची टेरिटरी हाताळली, ९५ टक्के कव्हरेज. रोज १२ डॉक्टर कॉल. ४५ कोअर डॉक्टरांना महिन्यात ३ व्हिजिट. टार्गेट अचीव्हमेंट ११२ टक्के. अँटिबायोटिक, गॅस्ट्रो, अँटि-डायबेटिक, कार्डियाक प्रॉडक्टचा अनुभव." आणि अगदी तळाला, हॉबीच्या वर, एक अर्धी ओळ, "काही काळ अतिरिक्त एरियाही सांभाळला."

आधी ज्याने चाळणी केली त्याने यावर 'होल्ड' लिहिलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, सगळ्यांचे असेच असतात, यात वेगळं काय. खरंय ते, १२ कॉल आणि ९५ टक्के हे आकडे इतक्या रेझ्युमेवर असतात की डोळा त्यांच्यावरून नुसता घसरतो. पण मी एक गोष्ट नेहमी करतो, कागदावरचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघतो, कारण एमआरच्या कामात डॉक्टर लिस्ट, फिल्डचे दिवस, कॉल अ‍ॅव्हरेज आणि फ्रिक्वेन्सी हे चारही एकाच दोरीला बांधलेले आहेत, एक ओढला की बाकीचे हलतातच.

तर हिशोब करून बघू. महिन्यात सुट्ट्या, मीटिंग, एखादी रजा वजा करून प्रत्यक्ष फिल्डचे दिवस धरले २२. कॉल म्हणजे डॉक्टरची एक भेट, रोज १२ कॉल म्हणजे २६४. आता १८५ चे ९५ टक्के म्हणजे १७६ डॉक्टर, प्रत्येकाला एकदा भेटायलाच १७६ कॉल गेले. उरले ८८. कोअर म्हणजे सर्वात महत्त्वाचे डॉक्टर, त्या ४५ जणांना तीनदा भेटायचं तर पहिली भेट मोजून झालीये, आणखी दोन-दोन हव्यात, म्हणजे ९०. जवळपास बसलं की! नुसतं इथपर्यंत पाहिलं तर वाटतं रेझ्युमे बरोबर आहे. पण याचा अर्थ असा होतो की कोअर सोडून बाकी एकाही डॉक्टरकडे हा महिन्यात दुसऱ्यांदा गेलाच नाही. शिवाय टेरिटरीत आउटस्टेशन असेल तर तिथेही रोज १२ झाले असं धरावं लागतं, आणि ज्याने सकाळी गाडी काढून लांबच्या गावात जाऊन ओपीडी सुटायच्या आत डॉक्टर गाठलेत त्याला विचारा, तिथे १२ होतात का.

म्हणून मी त्याला फोन केला. आधी म्हटलं, घाबरू नकोस, रिजेक्ट करायला फोन नाही केला, मला तुझे आकडे समजून घ्यायचेत.

"हे १२ कुठून आले?"

"सर, कंपनीचं नॉर्मच १२ आहे."

"नॉर्म माहितीये मला. तुझे किती होतात?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, मी घरी एक वही ठेवलीये, रिपोर्ट वेगळा आणि ती वेगळी. बघून सांगतो."

या एका उत्तराने माझं त्याच्याबद्दलचं मत बदललं. कॉल नॉर्म हे टार्गेट आहे, ती त्याची कामगिरी नाही. निम्म्याहून जास्त रेझ्युमेत हीच गल्लत असते, कंपनीने मागितलेला आकडा माणूस स्वतःच्या कामाचा म्हणून लिहितो आणि बरेचदा त्याला ते खोटंही वाटत नाही, कारण रोजच्या डीसीआरमध्ये, म्हणजे डेली कॉल रिपोर्टमध्ये, तोच आकडा भरायची सवय झालेली असते. ९५ टक्क्यांचंही तसंच निघालं, तो एका सर्वात चांगल्या महिन्याचा आकडा होता.

दोन दिवसांनी त्याने वहीतून मागच्या सहा महिन्यांची सरासरी काढून सांगितली. आकडे थोडे आहेत पण इथे सावकाश वाचा, कारण पूर्ण केस यातच आहे.

२२ दिवसांपैकी १७ दिवस हेडक्वार्टर, म्हणजे राहत्या शहरात, आणि ५ दिवस आउटस्टेशन. हेडक्वार्टरला रोज १२ कॉल खरोखर होत होते, म्हणजे २०४. आउटस्टेशनला ८ च्या आसपास, म्हणजे ४०. एकूण २४४, अ‍ॅव्हरेज ११. यात भेटलेले वेगवेगळे डॉक्टर १६३, म्हणजे कव्हरेज ८८ टक्के. उरलेले ८१ कॉल रिपीट. ४५ कोअरपैकी ३८ जणांकडे तीनदा, ५ जणांकडे दोनदा आणि २ जणांकडे एकदाच. बाकी कोअरच्या खालच्या बी क्लासचे ७० डॉक्टर, ज्यांना प्लॅनमध्ये दोन व्हिजिट होत्या, त्यांच्याकडे एकच व्हिजिट होत होती.

मी विचारलं, बी क्लासचं कंपनीला माहितीये का? तर म्हणाला, सर, प्लॅनच तसा आहे ना. आणि हे अगदी बरोबर. कोअर ४५ ला तीन, बी ७० ला दोन, सी ७० ला एक, बेरीज केली तर १३५ अधिक १४० अधिक ७०, म्हणजे ३४५ कॉल. २२ दिवसांनी भागलं की रोज जवळजवळ १६. नॉर्म १२ चं आणि प्लॅन १६ चा. हा प्लॅन कुणालाच पूर्ण करता आला नसता, त्यामुळे कुठेतरी काहीतरी सुटणारच होतं, प्रश्न फक्त इतकाच की काय सोडायचं हे माणसाने विचार करून ठरवलं की जे हाताला लागलं ते केलं. याने बी क्लासची दुसरी व्हिजिट सोडली आणि कोअर धरून ठेवला, मला तरी हा निर्णय योग्य वाटतो.

मग सुटलेले २२ डॉक्टर कोण? कव्हरेज ८८ टक्के म्हटलं की मॅनेजर पहिला प्रश्न हाच विचारणार आणि रेझ्युमे घेऊन बसलेल्या माणसाकडे त्याचं उत्तर हवंच. त्यातले ८ हेडक्वार्टरचे होते, बदलून गेलेले, प्रॅक्टिस कमी केलेले, लिस्टमधून काढायचे राहिलेले. असे डॉक्टर जवळजवळ प्रत्येक लिस्टमध्ये सापडतात. उरलेले १४ आउटस्टेशनचे. आउटस्टेशनला तीन रूट, पहिल्यावर १६ डॉक्टर आणि बाकी दोन्हीवर १५-१५. पाच दिवसांतले तीन दिवस तो पहिल्या रूटला द्यायचा, बाकी दोन रूटना महिन्यातून एकेकच दिवस. त्या दोन्हीकडे एका दिवसात ८ डॉक्टर व्हायचे, ७ राहायचे. दोन रूटचे मिळून १४.

आता कुणीही विचारेल, पहिल्या रूटला तीन दिवस का दिले, दोन दिले असते तर कव्हरेज वाढलं नसतं का? वाढलं असतं. मीही हेच विचारलं. आणि इथे ती शेवटची अर्धी ओळ उघडली.

तो पहिला रूट म्हणजेच तो 'अतिरिक्त एरिया'. आधी तो दुसऱ्या माणसाकडे होता, तो सोडून गेला आणि सात महिने रूट व्हेकंट राहिला. सात महिने व्हेकंट म्हणजे काय होतं हे बाहेरच्यांना कळत नाही. डॉक्टर ब्रँड विसरतात हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे केमिस्टकडे माल पडून एक्स्पायर होतो, तो परत घ्यायला कुणी येत नाही, केमिस्टला माल पुरवणारा स्टॉकिस्ट त्याला उत्तर देत नाही, आणि मग केमिस्ट त्या कंपनीचं नावच काढू देत नाही. डॉक्टरने प्रिस्क्रिप्शन लिहिलं तरी काउंटरवर पेशंटला "हे नाहीये, दुसरं देतो" असंच ऐकायला मिळतं. अशा रूटवर नवीन माणूस गेला आणि थेट डॉक्टरसमोर औषधांच्या माहितीचं व्हिज्युअल एड उघडून बसला तर वर्षभर काही होणार नाही.

याने काय केलं? पहिले दोन महिने डॉक्टर कॉल कमी आणि केमिस्ट जास्त. एक्स्पायरीची यादी केमिस्टप्रमाणे बनवली, बॅच आणि नग लिहून स्टॉकिस्टकडे दिली, मॅनेजरकडून मंजुरी आणली, क्लेम सेटल होईपर्यंत पाठपुरावा केला. मग आरसीपीए सुरू केलं, म्हणजे केमिस्टकडे बसून कुठला डॉक्टर आपल्या मॉलिक्यूलमध्ये कोणता ब्रँड लिहितो हे बघणं. त्यातून १६ पैकी ४ डॉक्टर निवडले ज्यांच्याकडे पेशंट खरंच होते, त्यांना तीन-तीन व्हिजिट, बाकी १२ जणांना एकेक. तीन दिवसांचे २४ कॉल असे बरोबर बसतात, चार त्रिक बारा आणि बारा. पाचव्या महिन्यापासून त्या चौघांची प्रिस्क्रिप्शन केमिस्टकडे दिसायला लागली आणि स्टॉकिस्टने स्वतःहून रीऑर्डर दिली.

म्हणजे बघा, ज्या कामासाठी मी याला दुसऱ्या कुणाच्याही आधी घेतला असता ते काम अर्ध्या ओळीत, आणि जे आकडे सगळेच लिहितात ते वर ठळक. मला मनापासून वाईट वाटलं. या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं की टेरिटरी कव्हरेज म्हणजे टक्केवारी नाही, कव्हरेज म्हणजे कुठला पॅच किती कठीण होता, तुमच्याकडे आला तेव्हा कसा होता आणि तुम्ही सोडताना कसा आहे, हे. ८८ टक्के कव्हरेज हा आकडा एकटा लिहिला तर ९५ पेक्षा कमी दिसतो. पण '१७ दिवस हेडक्वार्टर रोज १२, ५ दिवस आउटस्टेशन रोज ८, तीन रूट, एक रूट सात महिने बंद होता तो परत चालू केला' असं लिहिलं की तोच आकडा ९५ पेक्षा जड होतो. वाचणारा मॅनेजर स्वतः फिल्डमधून आलेला असतो, त्याला आउटस्टेशनचे ८ खरे वाटतात, १२ वाटत नाहीत.

कॉलच्या आकड्यावर अजून एक सांगतो. १२ आणि ११ मध्ये कोण चांगला हे नुसत्या आकड्यावरून कधीच कळत नाही, कारण कॉलमध्ये काय झालं ते त्यात नसतं. दारात उभं राहून सॅम्पल ठेवलं तरी कॉल, आणि पाच मिनिटं बसून एका पेशंट टाइपवर बोलणं झालं तरी कॉलच. जीपीकडे आणि कन्सल्टंटकडे वेळही सारखा लागत नाही, कन्सल्टंटकडे ओपीडीच्या बाहेर थांबण्यातच दीड तास जातो. म्हणून मी रेझ्युमेत स्पेशॅलिटीप्रमाणे लिस्ट मागतो. याची निघाली अशी: जीपी ९६, फिजिशियन ३१, बालरोग २८ आणि सर्जन, गायनॅक, ईएनटी मिळून ३०. या एका वाक्याने मला रेझ्युमेतल्या बाकी सगळ्या ओळींपेक्षा जास्त समजलं. निम्म्याहून जास्त जीपी असलेल्या लिस्टवरचे १२ कॉल हे माझ्या डिव्हिजनमध्ये ९ किंवा १० होणार, आणि हे त्याला आधीच सांगून ठेवायला हवं.

टार्गेट ११२ टक्क्यांचं लवकर आटोपतो. मी विचारलं प्रायमरी की सेकंडरी, वर्षाचं की तिमाहीचं? एका तिमाहीचं होतं आणि प्रायमरी होतं, म्हणजे कंपनीकडून स्टॉकिस्टला गेलेला माल. पूर्ण वर्षाचं ९७ होतं. स्टॉकिस्टकडून केमिस्टला गेलेला माल म्हणजे सेकंडरी, आणि स्टॉकिस्टचा क्लोजिंग स्टॉक वाढला नसेल तरच प्रायमरीला काही अर्थ. वर्षाचं ९७ आणि क्लोजिंग स्टॉक साधारण महिनाभराचा, असं सरळ लिहिलं असतं तर मी जास्त विश्वास ठेवला असता. ११२ दिसलं की मी लगेच विचारतो पुढच्या तिमाहीत किती? आणि तिथे माणूस अडकतो.

आता प्रॉडक्ट कॅटेगरी, जिथे हा खरोखर कमी पडत होता. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण रेझ्युमेने ते लपवलं होतं. 'अँटि-डायबेटिकचा अनुभव' म्हणजे काय? फोनवर विचारलं, बॅगेत नक्की काय होतं? अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, सेफिक्झिम, अ‍ॅझिथ्रोमायसिन, पॅन्टोप्रॅझोल-डोम्पेरिडोन, आणि डायबेटिसमध्ये एकच, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन. तेही व्हिज्युअल एडमध्ये चौथ्या पानावर, वेळ उरला तर बोलायचं असं. कार्डियाक म्हणून एक टेल्मिसार्टन, सॅम्पलपुरतं.

इथे फरक काय पडतो तो जरा नीट समजावतो. अँटिबायोटिक हे पाच-सात दिवसांचं औषध आहे. डॉक्टर आज तुमचा ब्रँड लिहितो, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा, त्यामुळे रिमाइंडर महत्त्वाचं, सीझन महत्त्वाचा, परिणाम पंधरा दिवसांत दिसतो. शुगरचं औषध पेशंट वर्षानुवर्षं घेतो. एकदा पेशंट एका ब्रँडवर सेट झाला, साखर कंट्रोलमध्ये आहे, की डॉक्टर तो बदलत नाही, आणि बदलायला सांगणारा एमआर त्याला आवडतही नाही. मग वाढ येते कुठून? नवीन निदान झालेल्या पेशंटमधून, आणि ज्याची एचबीएवनसी एका औषधावर खाली येत नाहीये आणि दुसरं जोडायचंय अशा पेशंटमधून. एचबीएवनसी मुळात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, म्हणजे डॉक्टरला औषधाचा परिणाम कळायलाच तीन महिने लागतात. अँटिबायोटिकसारख्या अ‍ॅक्यूट औषधांमधून आलेला एमआर दुसऱ्या महिन्यात निराश होतो की सर, लिहीतच नाहीयेत. ते लिहितायत, पण आकडा सावकाश वाढतो. मात्र एकदा लागलेलं प्रिस्क्रिप्शन दर महिन्याला परत येतं, हा त्याचा फायदा.

म्हणून 'कॅटेगरीची ओळख आहे का' हे मी औषधांची नावं विचारून तपासत नाही, नावं पाठ करता येतात. मी पेशंट विचारतो. म्हटलं, साठीचा पेशंट आहे, मेटफॉर्मिनवर साखर येत नाहीये आणि किडनी कमी काम करतेय, डॉक्टर तुला विचारतात ग्लिप्टिनमध्ये काय बघू? काय सांगशील?

तो म्हणाला, "सर, ग्लिमेपिराइड असेल तर मला माहितीये, साखर एकदम खाली जायची भीती असते, वयस्कर आणि किडनीच्या पेशंटला जास्त, जेवण चुकवायचं नाही हे मी डॉक्टरांना नेहमी सांगायचो. ग्लिप्टिन मी कधी डिटेल केलेलं नाही. अंदाजाने सांगू का?"

म्हटलं नको, अंदाजाने कधीच नको. यात बरोबर उत्तर असं असतं की ग्लिप्टिन गटातल्या सिटाग्लिप्टिनचा डोस किडनीप्रमाणे कमी करावा लागतो, किडनी किती काम करते ते सांगणारा ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की १०० मिलिग्रॅमचे ५०, ३० च्या खाली २५. लिनाग्लिप्टिनला तसा बदल लागत नाही. आणि त्याच पेशंटचं मेटफॉर्मिनही बघायला हवं, कारण ईजीएफआर ३० च्या खाली गेला की ते द्यायचं नसतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाबद्दल विचारलं तर त्याला लघवीवाटे साखर बाहेर टाकतात एवढं माहीत होतं, जननेंद्रियाचं फंगल इन्फेक्शन होऊ शकतं हे माहीत नव्हतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये ही औषधं का देतात हेही नाही. या जागेवर येणाऱ्याला हे पहिल्या दिवशी नसलं तरी पहिल्या महिन्यात यायलाच हवं, कारण कार्डिओलॉजिस्टकडे या गटावर बोलणं मुख्यतः हार्ट फेल्युअरवरच होतं.

तर माझं मत असं झालं: कव्हरेज मजबूत, पण कागदावर चुकीच्या पद्धतीने लिहिलेलं. कॉल खरे, पण जीपी-वजनाचे. कॅटेगरी कच्ची, एका जुन्या कॉम्बिनेशनपुरती. मी त्याला रेझ्युमे परत लिहायला सांगितला, आकडे त्याचेच, फक्त खरे आणि कशाचे ते सांगून. त्याने पाठवलेल्या नव्या कागदावर वरचा भाग असा होता:

"१८५ डॉक्टर (जीपी ९६, फिजिशियन ३१, बालरोग २८, इतर ३०). महिन्याला २२ फिल्ड दिवस, हेडक्वार्टर १७ दिवस रोज १२ कॉल, आउटस्टेशन ५ दिवस रोज ८ कॉल. सहा महिन्यांची सरासरी कव्हरेज ८८ टक्के, ४५ पैकी ३८ कोअर डॉक्टरांना महिन्यात ३ व्हिजिट. सात महिने व्हेकंट असलेला १६ डॉक्टरांचा रूट घेऊन एक्स्पायरी क्लेम निकाली काढले, पाचव्या महिन्यात ४ डॉक्टरांची नियमित प्रिस्क्रिप्शन सुरू. वार्षिक अचीव्हमेंट ९७ टक्के. डायबेटिसमध्ये ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन ४ वर्षं. ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन डिटेल केलेलं नाही, अभ्यास चालू."

शेवटच्या वाक्यावर तो कचरत होता, सर हे लिहिलं तर घेतील का? मी म्हटलं, न लिहिता आलास तर पॅनेल पाचव्या मिनिटाला ते शोधून काढेल आणि मग वरच्या ८८ टक्क्यांवरही शंका घेईल. लिहून आलास तर ते फक्त ट्रेनिंगचं काम राहतं.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून काढून घेतली. दुसऱ्या मसुद्यात त्याने उत्साहात सहा मोठ्या फिजिशियनची नावं आणि प्रत्येकाकडून महिन्याला किती बिझनेस येतो तेही टाकलं होतं. हे करू नका. डॉक्टरची नावं आणि प्रिस्क्रिप्शनचे आकडे हा जुन्या कंपनीचा डेटा आहे, आणि जो माणूस आज त्यांचा डेटा माझ्याकडे घेऊन येतोय तो उद्या माझा दुसरीकडे नेणार, पॅनेलमध्ये बसलेला प्रत्येक जण हाच विचार करतो. स्पेशॅलिटी आणि संख्या एवढं पुरे.

ओळख तपासायची असेल तर ती समोरासमोर होते. इंटरव्ह्यूत आम्ही आमच्या १२० ची लिस्ट त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, ज्यांना तू स्वतः भेटतोस तेवढ्यांवर खूण कर. त्याने ४६ वर केली, २७ फिजिशियन आणि १९ जीपी. मग मी मधूनच कुठलंही नाव घेऊन विचारत गेलो, हे कधी भेटतात? तो सांगत गेला, हे दुपारी राउंड संपल्यावर, हे आठवड्यातून दोनच दिवस आणि तेही चार जणांनाच आत घेतात, यांच्याकडे कंपाउंडरकडे आधी कार्ड द्यावं लागतं, खाली केमिस्ट आहे तो सकाळी अकराच्या आधी बोलत नाही. एके ठिकाणी म्हणाला, सर यांना मी ओळखतो पण ते मला ओळखत नाहीत, दोनदाच भेटलोय, खूण पुसतो. म्हणजे ४५. कार्डिओलॉजिस्टमध्ये एकही खूण नव्हती आणि त्याने ओढूनताणून केलीही नाही. ज्याने खोटे कॉल टाकले असतात त्याला डॉक्टरचं नाव आणि पत्ता माहीत असतो, वेळ माहीत नसते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी दुसरं फारसं विचारतच नाही.

घेतलं त्याला. अट एवढीच की पहिला महिना कार्डिओलॉजिस्टकडे एकट्याने जायचं नाही, मॅनेजरसोबत जॉइंट वर्कमध्येच, आणि प्रॉडक्ट ट्रेनिंगची परीक्षा पास होईपर्यंत ग्लिफ्लोझिनचं पान उघडायचं नाही. त्याला ते पटलं.

पहिला टूर प्लॅन द्यायची वेळ आली तेव्हा आमच्याकडून आलेला प्लॅन होता कोअर ३५ ना तीन व्हिजिट आणि बाकी ८५ ना दोन. त्याने तो भरून देण्याआधी फोन केला. "सर, हे २७५ कॉल होतात. फिल्डचे दिवस २१ आणि कन्सल्टंटकडे मला रोज १० च्या वर जमणार नाही, म्हणजे २१०. कोअरचे १०५ मी सोडणार नाही. बाकी ८५ ना एकेकदा जातो, उरतात २० कॉल, ते कुठल्या २० डॉक्टरांना द्यायचे ते मी आरसीपीए करून दुसऱ्या आठवड्यात सांगू का?"

मी फोनवरच प्लॅन तसा बदलून मंजूर केला.